म्हैस मेल्यावर पहिल्या काही तासांत काय करायचं: जनावर विम्याच्या एका पॉलिसीचं मराठीकरण

धाराशिव जिल्ह्यातला भूम तालुका खव्यासाठी ओळखला जातो. इथल्या कोरडवाहू गावांत सोयाबीन आलं तर आलं, पण रोजचं मीठमिरची दुधावर चालतं. अशाच एका गावातल्या बायकांनी दूध संकलन गट काढला, बँकेचं कर्ज घेऊन म्हशी घेतल्या आणि कर्जासोबत जनावरांचा विमाही उतरवला गेला. पॉलिसी इंग्रजीत होती. तिच्यासोबत कंपनीनं केलेलं जुनं मराठी भाषांतरही होतं, पण ते गटाच्या सचिवांच्या फायलीत पडून होतं. गटातल्या बहुतेक जणी दुसरी-चौथीपर्यंत शिकलेल्या, काही अंगठा लावणाऱ्या.

आदल्या उन्हाळ्यात गटातल्या दोन म्हशी मेल्या आणि दोन्ही दावे नाकारले गेले. एकीच्या कानात ओळखीचा बिल्ला नव्हता. दुसरीचं शवविच्छेदन न करताच तिला पुरलं होतं. तेव्हा गटानं ठरवलं की पॉलिसीतल्या ‘पैसे कधी मिळत नाहीत’ आणि ‘दावा कसा करायचा’ या दोन भागांचं प्रत्येक घरात लावता येईल असं मराठी पान करून घ्यायचं. हे काम माझ्याकडे आलं.

मी आधी नाकारल्याची दोन्ही पत्रं वाचली आणि मग पॉलिसीत अपवादांचं प्रकरण उघडलं. बिल्ला नसणं त्या यादीत नव्हतं. शवविच्छेदन न होणंही नव्हतं. दोन्ही गोष्टी पुढच्या ‘अटी’ या भागात, बारीक अक्षरांत होत्या. म्हणजे कुणी अपवादांचं प्रकरण शब्दन् शब्द अचूक मराठीत आणलं असतं, तरी या दोन बायकांना त्याचा काडीचा उपयोग झाला नसता. पॉलिसी लिहिणाऱ्याच्या दृष्टीनं अपवाद म्हणजे जोखमीतून मुळातच वगळलेल्या गोष्टी, आणि अटी म्हणजे विमाधारकानं पाळायच्या गोष्टी. म्हैस गमावलेल्या बाईला हा भेद दिसत नाही. तिला पैसे मिळाले नाहीत, एवढंच. म्हणून पानाची रचना पॉलिसीच्या क्रमानं न ठेवता ‘पैसे बुडतात कशानं’ या एकाच प्रश्नाभोवती करायची ठरवली.

काय ठेवायचं, काय काढायचं

अपवादांच्या यादीत युद्ध होतं, अणुऊर्जेमुळे होणारं नुकसान होतं, विमानानं किंवा जहाजानं केलेली वाहतूक होती. आसामातल्या लखीमपूर आणि सिबसागर जिल्ह्यांतल्या गुरांना होणाऱ्या फुफ्फुसाच्या एका साथीचा अपवादही होता. जनावर विम्याच्या जुन्या मसुद्यांत हे कलम असतं आणि ते तसंच पुढे उतरत आलं आहे. भूमच्या बाईला ते वाचून दाखवलं तर ती चौथ्या ओळीला उठून धारेला जाते, आणि पाचव्या ओळीत नेमकं तिच्या कामाचं असतं.

पण कलम गाळणं हा भाषांतरकाराचा अधिकार नाही. यावर आम्ही दोन कागद केले. सचिवांच्या फायलीसाठी सगळ्या कलमांचं संपूर्ण भाषांतर, कलमांच्या मूळ क्रमांकांसह. घरच्या पानावर मात्र या गावात घडू शकतील तेवढीच कारणं, आणि शेवटी एक ओळ: ‘आणखी काही कारणं आहेत, ती सचिवाकडच्या मोठ्या कागदात आहेत.’ कंपनीच्या कार्यालयानं आधी सगळे अपवाद घरच्या पानावर घाला असा आग्रह धरला. मोठा कागद जोडीला आहे आणि पानावरच्या प्रत्येक वाक्याच्या कडेला कलम क्रमांक आहे हे दाखवल्यावर ते तयार झाले. ‘वाद झाल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य’ ही त्यांची ओळ आम्ही ठेवली, पण पानाच्या तळाशी.

पंधरा दिवस

सर्वांत जास्त वेळ गेला तो प्रतीक्षा काळाच्या कलमावर. जुन्या मराठी भाषांतरात लिहिलं होतं, ‘जोखीम प्रारंभ झाल्यापासून १५ दिवसांच्या आत रोगाने मृत्यू झाल्यास दायित्व राहणार नाही.’ इंग्रजीत तसं नव्हतं. तिथे मृत्यूचा नव्हे, आजार जडण्याचा दिवस धरला होता. दहाव्या दिवशी ताप भरला आणि म्हैस विसाव्या दिवशी मेली, तर इंग्रजीप्रमाणे पैसे नाहीत. जुनं मराठी वाचणारी बाई मात्र पंधरा दिवस ओलांडले म्हणून निर्धास्त राहील. असा फरक डोळ्यांनी वाचून सापडत नाही, कारण दोन्ही वाक्यं आपापल्या जागी नीट वाटतात. दिवस मोजून एक उदाहरण दोन्ही वाक्यांत घालून पाहिलं की तो लगेच दिसतो. पुढे प्रत्येक कलमाला मी हीच चाचणी लावली: एक म्हैस, एक तारीख, एक घटना घ्यायची आणि दोन्ही भाषांतली उत्तरं जुळतात का ते पाहायचं.

नवं वाक्य वाचून दाखवल्यावर दुसरी अडचण आली. बायकांनी त्याचा अर्थ ‘पहिले पंधरा दिवस विमाच नाही’ असा घेतला. पण अपघाताला हा काळ लागू नव्हता. तिसऱ्या दिवशी म्हैस विहिरीत पडली किंवा विजेच्या तारेला चिकटली, तर दावा होतो. म्हणून वाक्य तोडलं आणि पंधरा दिवसांऐवजी तारीख टाकली. पॉलिसी ५ जूनला सुरू झाली होती. पानावर असं आलं:

‘१९ जूनपर्यंत म्हशीला आजार लागला आणि त्याच आजारानं ती नंतर कधीही मेली, तर पैसे नाहीत.
पडली, बुडाली, वीज लागली, साप चावला: पहिल्या दिवसापासून पैसे आहेत.’

पंधरा दिवस कुठून मोजायचे, हप्ता भरल्यापासून, बिल्ला मारल्यापासून की पॉलिसीवरच्या तारखेपासून, हे कंपनीकडून लेखी विचारून घेतलं. उत्तर पॉलिसीवरच्या तारखेचं आलं. तारखेची जागा छापील पानावर कोरी ठेवली आणि ती प्रत्येक घरासाठी सचिवांनी हातानं भरली, कारण नंतर घेतलेल्या म्हशींच्या पॉलिसींच्या तारखा वेगळ्या होत्या.

डॉक्टर कोण

अकुशल उपचारानं जनावर मेलं तर पैसे नाहीत, असं एक कलम होतं. ते जसंच्या तसं मराठीत आणलं तर कुणालाच लागू होत नाही, कारण आपण अकुशल माणसाकडून उपचार करून घेतो असं कुणी मानत नाही. गावात सुई मारणारा प्रत्येक जण ‘डॉक्टर’ असतो. त्यात खासगी फिरते उपचार करणारे आले आणि सरकारी दवाखान्यातले पशुधन पर्यवेक्षकही आले. श्रेणी दोनचे पशुवैद्यकीय दवाखाने बहुधा पर्यवेक्षकच चालवतात, आणि बऱ्याच गावांना जवळचा दवाखाना तोच असतो. पण दाव्यासाठी लागणारा उपचाराचा दाखला आणि शवविच्छेदनाचा अहवाल नोंदणीकृत पशुवैद्यकाचाच लागतो. सरकारी खात्यात तो म्हणजे पशुधन विकास अधिकारी.

कुणाकडून उपचार करून घ्यायचे याचा उपदेश पानावर नको होता. रात्री पोटफुगी झाली तर जो हाताशी असेल त्याला बोलावणारच, आणि बोलवावंही. म्हणून पानावर वागण्याची ओळ आली: ‘आधी कुणीही बघितलं असलं तरी आजारपणातच एकदा मोठ्या डॉक्टरांना (पशुधन विकास अधिकारी) दाखवा आणि कागद घ्या.’ खाली त्यांच्या नावाची, फोनची जागा आणि जनावरांच्या दवाखान्याचा मोफत क्रमांक १९६२.

चोरी, हरवणं आणि गुपचूप विक्री यांना पैसे नाहीत, हे एका वाक्यात बसलं. मात्र ते मोठ्या अक्षरात घ्यावं लागलं, कारण मोटरसायकलच्या पूर्ण विम्यात चोरीचे पैसे मिळतात आणि घरातल्या पोरांनी तेच गृहीत धरलं होतं. जनावर मुद्दाम मारण्याच्या कलमात अपवादाला अपवाद होता: मारल्यास पैसे नाहीत, पण असह्य वेदनेतून सोडवायला पशुवैद्यकाच्या दाखल्यानं मारलं तर आहेत. त्याचं केलं, ‘डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय जनावर मारायचं नाही.’ घरच्या पानाला एवढं पुरे.

दगडीचा, म्हणजे कासेच्या सुजेचा, प्रश्न मात्र बायकांनीच काढला. कासेला दगडी होऊन एक सड कायमचा गेला तर? ही या धंद्यातली रोजची भीती आहे. पॉलिसीत कायमच्या पूर्ण अपंगत्वाचं संरक्षण जादा हप्त्यानं घेता येत होतं, पण बँकेनं कर्जासोबत घेतलेल्या पॉलिसीत ते घेतलेलं नव्हतं. आणि घेतलेलं असतं तरी एक सड जाणं हे अंशतः अपंगत्व ठरतं, त्याला पैसे नाहीतच. दगडीनं म्हैस मेली तर मात्र आहेत. पानावर ‘मेली तरच पैसे, आटली, वांझ राहिली, सड गेला तर नाहीत’ असं लिहिलं. एक मावशी म्हणाली, “मग हप्ता कशाला भरायचा?” हे वाचणाऱ्याला नेमकं समजल्याची याहून चांगली खूण मला मिळाली नसती.

बिल्ला

‘बिल्ला नाही तर दावा नाही’ ही अट जनावर विम्यात बहुतेक ठिकाणी असते. गावात गुंता असा होता की काही म्हशींच्या कानात दोन बिल्ले होते: एक सरकारचा, बारा आकडी, आणि एक विमा कंपनीचा. पॉलिसीत कंपनीच्या बिल्ल्याचा नंबर होता. सरकारी बिल्ला शाबूत आहे म्हणून एखादी निवांत राहिली असती तर दावा अडकला असता. म्हणून प्रत्येक पानावर पॉलिसीतला नंबर लिहिला आणि कानाजवळून काढलेला फोटो चिकटवला.

बिल्ला खुंट्याला, काटेरी तारेला, बाभळीला घासून निघतो, कधी कान फाटून. तो पडला तर काय करायचं हे पॉलिसीत एका ओळीत होतं, पण त्यातला खरा धोका मधल्या दिवसांचा असतो. नवा बिल्ला मारला आणि नवा नंबर पॉलिसीत चढलाच नाही, तर कानात बिल्ला असूनही नंबर जुळत नाही. पानावर म्हणून दोन वेगळी कामं आली: त्याच दिवशी फोन करून नवा बिल्ला मारून घ्या, आणि नवा नंबर पॉलिसीत लिहिल्याचा कागद येईपर्यंत सचिवाच्या मागे लागा.

या भागासाठी चित्र काढलं होतं: बिल्ला नसलेली म्हैस आणि तिच्यावर लाल फुली. बायकांना दाखवलं तेव्हा एकीनं वाचलं, “बिल्ला मारू नका.” दुसरीनं वाचलं, “आजारी म्हैस.” फुली काढून टाकली. तिच्या जागी बिल्ला असलेल्या कानाचा फोटो आणि त्यापुढे नोटांचा फोटो घातला. रिकाम्या कानापुढे काहीच नाही. हे सगळ्यांना कळलं.

मेल्यानंतरचे चोवीस तास

पॉलिसीत अट होती की जनावर मेल्यावर लगेच कंपनीला कळवायचं आणि कळवल्यापासून किमान चोवीस तास मृत जनावर पाहायला उपलब्ध ठेवायचं. एप्रिल-मे महिन्यात मराठवाड्यात पारा अनेकदा चाळीसच्या वर जातो. अशा उन्हात म्हैस काही तासांतच फुगते, कुजायला लागते, आणि शवविच्छेदनातून कारण सापडणं अवघड होत जातं. म्हणजे एक अट पाळली तर दुसरीचा पुरावा बिघडतो. शिवाय गोठा घराला लागून असतो. चोवीस तास कोण ठेवेल?

इथे भाषांतरकाराला मोह होतो की वाक्य जरा सैल करावं: ‘शक्यतो ठेवा’ वगैरे. ते करता येत नाही. कलम कडक आहे तर मराठीही कडक हवी, नाहीतर ‘शक्यतो’वर विसंबलेल्या बाईचा दावा जातो. मार्ग एकच होता, कंपनीला लेखी विचारणं: कळवल्याची नोंद झाली, बिल्ला दिसेल असे फोटो पाठवले आणि पशुधन विकास अधिकाऱ्यांनी शवविच्छेदन केलं, तर चोवीस तास थांबावं लागेल का? उत्तर यायला बराच पाठपुरावा लागला. शेवटी पत्र आलं की या तिन्ही गोष्टी झाल्या तर तपासनिसाची वाट न पाहता जनावर पुरता येईल. त्या पत्राचा क्रमांक आणि तारीख आम्ही पानावर छापली. पूर्ण प्रक्रियेत सर्वांत मोलाचा कागद हाच निघाला.

मग ‘कंपनीला कळवा’ हे दोन शब्द. पान वाचून दाखवल्यावर ‘समजलं का’ असं विचारायचं नाही हे ठरलेलं होतं, कारण त्याला उत्तर ‘हो’च येतं. त्याऐवजी प्रसंग द्यायचो: रात्री दोनला म्हैस मेली, घरी तुम्ही आणि सासूबाई, आता काय काय कराल? जवळजवळ प्रत्येकीचं उत्तर एकच होतं: “सचिवभाऊला फोन लावायचा की.” त्यांच्या लेखी तेच कंपनीला कळवणं. काही जणी बँकेच्या साहेबांना सांगतो म्हणाल्या. कंपनीच्या नोंदीत मात्र ना सचिव मोजला जात, ना बँक. पानावर स्वतंत्र ओळ आली: ‘सचिवाला सांगितलं म्हणजे कंपनीला सांगितलं असं होत नाही.’ खाली कंपनीचा फोन नंबर, आणि फोनवर बोलायची चार वाक्यं तयार: पॉलिसी नंबर, बिल्ला नंबर, गाव-तालुका, म्हैस किती वाजता मेली. पलीकडचा माणूस हिंदीत बोलतो म्हणून तीच वाक्यं हिंदीतही, देवनागरीत. फोन ठेवण्याआधी तक्रार नंबर मागून पानावरच्या रिकाम्या चौकोनात लिहायचा. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराला जवळ बसवायचं.

शेवटी एक ओळ कातडं काढणाऱ्यांसाठी नाही, घरच्यांसाठी होती: शवविच्छेदन होईपर्यंत जनावर कुणाच्या ताब्यात द्यायचं नाही, कानाला कुणाला हात लावू द्यायचा नाही. फोटो झाल्यावर बिल्ला डॉक्टरांसमोर काढायचा आणि कागदांसोबत कंपनीला द्यायचा.

पुढच्या एप्रिलमधला दावा

पान घरोघर लागल्यावर पुढच्या एप्रिलमध्ये गटातली एक म्हैस पोटफुगीनं रात्री दीडच्या सुमारास मेली. घरधनीण पन्नाशीची, अक्षरओळख जेमतेम. सुनेनं पान वाचलं. पावणेसहाला कंपनीचा फोन लागला आणि तक्रार नंबर मिळाला. उजाडल्यावर म्हशीचा पूर्ण फोटो, चेहऱ्याचा फोटो आणि बिल्ल्याचा नंबर वाचता येईल असा कानाचा फोटो काढून पाठवले. दहाच्या सुमारास पशुधन विकास अधिकारी आले, शवविच्छेदन झालं, बिल्ला काढला. कंपनीचा माणूस आला नाही. पत्राच्या आधारावर दुपारी खड्डा खणून म्हैस पुरली.

दाव्यात त्रुटी निघाली नाही. पण दोन गोष्टी घरच्यांना अनपेक्षित होत्या. विमा रक्कम ७०,००० रुपये होती, मंजूर झाले ६०,०००. पॉलिसीत भरपाई ही विमा रक्कम आणि आजारपणाआधीची बाजारकिंमत यांत जी कमी असेल ती देण्याची तरतूद होती, आणि वेत व वय पाहून डॉक्टरांच्या दाखल्यात किंमत ६०,००० आली होती. ही तरतूद आमच्या मोठ्या कागदात होती, घरच्या पानावर नव्हती. अपवाद किंवा दाव्याची पायरी असं तिचं रूप नसल्यानं गटानं मागितलेल्या दोन भागांत ती बसत नव्हती.

दुसरी गोष्ट अशी की पैसे तिच्या खात्यात आलेच नाहीत, थेट कर्जखात्यात गेले. कर्जावरच्या जनावराच्या पॉलिसीला बँकेच्या हक्काची एक पुरवणी जोडलेली असते आणि त्यानुसार रक्कम आधी बँकेला जाते. गटाकडच्या पॉलिसीच्या प्रतीत ही पुरवणीच नव्हती, ती बँकेच्या फायलीत होती. कर्ज बरंच फिटलं, हे खरं. पण घरात नवी म्हैस घ्यायला हातात काही आलं नाही, आणि सुनेचा पहिला प्रश्न होता, “मग आमचे पैसे कुठं गेले?”

पानाच्या नव्या आवृत्तीत या दोन्ही गोष्टी आल्या: ‘पॉलिसीवर लिहिलेले सगळे पैसे मिळतीलच असं नाही, मरणाआधी म्हशीची बाजारात जेवढी किंमत, त्याहून जास्त मिळत नाही’ आणि ‘कर्ज शिल्लक असेल तर पैसे आधी बँकेत जातात, उरले तर तुमच्या खात्यात.’ दुसऱ्या वाक्यासमोर प्रत्येक घरासाठी शिल्लक कर्जाचा आकडा लिहायची जागा आहे, आणि नूतनीकरणाच्या वेळी बँकेकडून पुरवणीसह पूर्ण पॉलिसी मागून घेण्याचं काम सचिवांकडे दिलं आहे.